कुत्रा-मांजरांच्या सुट्टीतल्या सोयीसाठी चार शब्द सुचवा (नाशिक)

मळेकर
नमस्कार मंडळी. मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. द्राक्षबाग काढून टाकल्यावर जुनी पॅकिंगची शेड रिकामी पडली होती. तिथं गेल्या दोन वर्षांपासून मी आणि बायको लोकांचे कुत्रे-मांजरं सांभाळतो. कुत्र्यांच्या बारा जागा, मांजरांना वेगळी खोली आणि तिथं चार. कुत्र्याला रात्रीचे ३५० रुपये, जेवण मालकानं आणून दिलं तर ३००. आमचं गिऱ्हाईक म्हणजे शाळेत जाणारी मुलं असलेली कुटुंबं. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी, या दोन वेळा फोन थांबत नाही, बाकी वर्षभर निवांत.

यंदा पहिल्यांदा गंगापूर रोडला सहा बाय तीनचा बोर्ड लावतोय आणि चार रिक्षांच्या मागे जाहिरात. नावाखाली एक ओळ हवी आहे. आम्ही स्वस्त आहोत हे कळलं पाहिजे आणि माणसाला फोन करावासा वाटला पाहिजे. पुतण्यानं 'स्वस्त आणि मस्त' सुचवलंय. मला काही जमत नाहीये. सुचवा.

नाशिकरोडचा_बंड्या
'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय. माफक दर.'
काय बदलायचंय? पंचवटीत निम्म्या लॉजवर हेच लिहिलंय आणि चालतंय की!

गुलमोहर
😀😀 बंड्या, हे खरंच लावा म्हणावं. खाली 'चार पायांच्या पाहुण्यांसाठी' एवढंच.

शाळामास्तर
यमक असलं की ओळ डोक्यात बसते. म्हणून: 'सुट्टी तुमची झकास, कुत्र्याचा आमच्याकडे निवास.' किंवा 'जा फिरायला बिनधास्त, सोडून जा कुत्रा स्वस्तात.' फोन नंबरही यमकातच बसवता आला तर उत्तम.

शब्दमजूर
मी पंधरा वर्षं जाहिरातीच्या ओळी लिहून पोट भरतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

मास्तर, तुमच्या दुसऱ्या ओळीत गडबड आहे. मराठीत 'कुत्रा सोडून जा' म्हटलं की लोकांना काय दिसतं? घाटात गाडी थांबवून दार उघडणारा माणूस. 'कुत्रा सोडला' म्हणजे एक तर अंगावर सोडला नाही तर रस्त्यावर सोडला. 'टाकणं'ही तसंच. 'बोर्डिंगला टाकलं' हे आपल्या पिढीनं धमकी म्हणून ऐकलंय. त्यामुळे 'सोडा', 'टाका', 'बोर्डिंग' हे तीन शब्द मुख्य ओळीत नकोत. 'बोर्डिंग' खाली बारीक अक्षरात ठेवा, कारण मोबाईलवर शोधताना लोक तेच टाइप करतात.

आता 'स्वस्त'. चपला स्वस्त चालतात. जिवंत प्राणी ठेवायचा म्हटलं की स्वस्त ऐकून माणूस विचार करतो, मग हा खायला काय घालत असेल? मळेकरांना स्वस्त म्हणायचंय, पण वाचणाऱ्याला निकृष्ट ऐकू येतं. 'खिशाला परवडणारं' तर साड्यांच्या सेलपासून फ्लॅटपर्यंत सगळ्यांनी झिजवून टाकलंय.

मळेकर, मला दोन गोष्टी सांगा. तुमच्याकडे ठेवणारी बाई निघताना गाडीत बसून शेवटचं वाक्य काय बोलते? आणि इतर जण करत नाहीत असं तुम्ही काय करता?

कोकणवाली
आमचा पोपट ठेवाल का? आम्ही १० मेला गुहागरला चाललोय. बोलतो छान, त्रास काही नाही.

वैद्यबाई
कोकणवाली, तुमचा पोपट हिरवा, गळ्याला पट्टा असलेला देशी असेल तर तो घरात पाळणंच वन्यजीव कायद्यात बसत नाही. कायदा १९७२ चा आहे. मळेकर, असा पक्षी ठेवून घेऊ नका, उद्या कोणी तक्रार केली तर पिंजरा तुमच्या शेडमध्ये सापडेल.

कोकणवाली
बापरे. सासऱ्यांनी आणलेला आहे हो, बारा वर्षं झाली. बघते काय करायचं ते. विषयांतराबद्दल सॉरी.

मळेकर
शब्दमजूर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शंभरातल्या नव्वद जणी म्हणतात, 'जेवला की कळवा हं.' मुलं रडत असतात, नवरा हॉर्न वाजवत असतो, आणि ती काच खाली करून हेच म्हणते.

दुसरं म्हणजे, आम्ही मे महिन्यात दर वाढवत नाही. बाकीचे बरेच जण सुट्टीचे शंभर-दीडशे जास्त लावतात. आणि रोज रात्री आठला प्रत्येक मालकाला व्हिडिओ पाठवतो. हे मला काही विशेष वाटलं नव्हतं म्हणून वर लिहिलं नाही.

शब्दमजूर
हेच तर हवं होतं! आता ओळ 'जेवला' या शब्दावर उभी करायची. आपल्याकडे माणसाची चौकशीसुद्धा 'जेवलात का?' अशीच होते. पहिला प्रयत्न:

'तुम्ही गावाला. तो जेवला.'

सहलीला, टूरला, व्हेकेशनला काही नाही. आपण शेजाऱ्याला 'गावाला चाललोय' असंच सांगतो, मग ते सिमला का असेना.

गुलमोहर
अंगावर काटा आला राव. फिक्स करा.

मांजरप्रेमी
'तो' का? आमची चिंगी 'ती' आहे. मांजर ठेवणाऱ्यांनी काय करायचं? नेहमीचं आहे, सगळे कुत्र्यापुरतं बघतात.

शाळामास्तर
मग 'ते' करा. ते पिल्लू, ते लेकरू. नपुंसकलिंग आहे, सगळ्यांना चालेल.

मांजरप्रेमी
मास्तर, नऊ किलोच्या बोक्याला 'ते लेकरू' म्हणून बघा एकदा.

वैद्यबाई
ओळ सुंदर आहे, पण लावू नका. कारण सांगते.

नव्या जागी आलेला कुत्रा पहिल्या दिवशी बऱ्याचदा जेवत नाही. वास वेगळे, आवाज वेगळे, मालक गायब. काही जण पहिली रात्र नुसते दाराकडे तोंड करून बसतात. पाणी पीत असेल, इकडेतिकडे हुंगत असेल, तर एखादा दिवस न जेवण्यानं मोठ्या, निरोगी कुत्र्याचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक खायला लागतात. त्यासाठीच घरचंच खाणं सोबत द्यावं म्हणतो आम्ही. अचानक खाणं बदललं की जुलाब ठरलेले.

आता बघा, बोर्डावर 'तो जेवला' लिहिलंय आणि पहिल्याच रात्री आठ वाजता मळेकरांना कळवायचंय की जेवला नाही. म्हणजे जी ओळ वाचून बाई आली तीच ओळ पहिल्या रात्री खोटी. मग माणूस काय करतो? मागच्या वेळचा व्हिडिओ पाठवतो. अशी एक केस माझ्याकडे आली होती, कुठल्या केंद्रातली ते सांगत नाही. लॅब्रॅडॉर चार दिवस नीट जेवत नव्हता, मालकांना रोज 'मस्त जेवला' असा मेसेज. परत आले तेव्हा हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, अंगात गोचीडताप. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं असतं.

आणि मांजर जास्त नाजूक. मांजरानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. लठ्ठ मांजराच्या यकृताला उपास फार महागात पडतो.

द्वारकासर्कल
मग 'शंभर टक्के सुरक्षित' लिहा की सरळ. लस घेतलेलीच कुत्री घेत असाल ना? आम्ही तर निघायच्या आदल्या दिवशी सगळी इंजेक्शनं एकदम देऊन टाकतो. काम खलास.

वैद्यबाई
लस हवीच, हे बरोबर. पण आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, शरीराला तयारी करायला साधारण दोन आठवडे लागतात. मेच्या पहिल्या आठवड्यात निघणार असाल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत उरकलेलं बरं. आणि एका शेडमध्ये बारा कुत्री म्हटल्यावर खोकल्याची साथ लस असूनही कधीतरी येतेच, जशी शाळेत सर्दी येते. म्हणून 'शंभर टक्के'ही नको.

द्वारकासर्कल
अरे देवा. आमचा ब्रुनो दोन वर्षं नशिबावर चाललाय म्हणजे.

इंदिरानगरी
मी तर म्हणतो ठेवायचाच कशाला? आम्ही सोबत नेतो. रेल्वेत फर्स्ट एसीचं कूपे पूर्ण घेतलं की कुत्रा नेता येतो.

नाशिकरोडचा_बंड्या
कूपेच्या पैशात मळेकर त्याला महिनाभर सांभाळतील. आणि धाग्याचं नाव वाचा साहेब, 'चार शब्द सुचवा' आहे.

पेंटरकाका
बोर्डाचं मी सांगतो, ३० वर्षं ब्रश आणि आता फ्लेक्स.

गाडीवरच्या माणसाला साठ फुटांवरून वाचता यायला हवं असेल तर अक्षर सहा इंचाचं लागतं. दर दहा फुटाला एक इंच, हा आमचा जुना हिशोब. हे सहा इंच म्हणजे नुसतं अक्षराचं अंग. वरची वेलांटी-मात्रा आणि खालचा उकार धरला की एक ओळ दहा-साडेदहा इंच खाते. इंग्रजीवाले डिझायनर हे विसरतात, ओळी चिकटवतात, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. लांबून सगळा गुंता दिसतो.

तुमचा बोर्ड तीन फूट उंच, म्हणजे ३६ इंच. घोषणेच्या दोन ओळींना २१ गेले. उरलेल्या १५ मध्ये नाव आणि नंबर. रुंदी ७२ इंच, कडा सोडून ६४ धरा. म्हणजे एका ओळीत आठ-नऊ अक्षरं, मधल्या जागा धरून. त्याच्या वर गेलात की अक्षर बारीक करावं लागेल. मास्तरांची 'झकास-निवास' घातली तर फक्त सिग्नलला उभ्या असलेल्याला वाचता येईल. आणि इंग्रजीत नाव टाकणार असाल तर मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही, नियम आहे.

शाळामास्तर
माझ्या ओळीवर सगळ्यांचा राग का आहे कळत नाही. असो.

शब्दमजूर
वैद्यबाईंना साष्टांग. मी भावनेच्या भरात वाहून गेलो होतो. ओळ पहिल्या रात्री टिकली पाहिजे, ही कसोटी मी लिहून ठेवली.

मग मळेकर रोज खात्रीनं काय देऊ शकतात? जेवण त्यांच्या हातात नाही, ते कुत्र्याच्या हातात आहे. बातमी मात्र त्यांच्या हातात आहे. रात्री आठला, चांगली असो नाही तर वाईट. आणि त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, पत्रात असायचा: 'खुशाली'.

तुम्ही गावाला,
खुशाली रोज आठला.

यात तो नाही, ती नाही, लेकरू नाही. मास्तरांसाठी यमकही आहे. पेंटरकाका, वर पाच अक्षरं, खाली आठ. बसेल?

पेंटरकाका
आरामात. 'म्ही' सोडलं तर जोडाक्षर नाही. 'खु'चा उकार खाली येतो पण त्याच्या खाली नाव आहे, जागा सोडीन.

मांजरप्रेमी
याला माझं मत. चिंगीतर्फे पण.

गुलमोहर
छान आहे, पण प्राण्यांचं आहे हे कळतंय का? वाटेल वृद्धाश्रम आहे.

नाशिकरोडचा_बंड्या
गुलमोहर 😀😀😀 मेलो. पण मुद्दा बरोबर आहे.

शब्दमजूर
चित्र लागेलच. कुत्रा आणि मांजर, दोन्ही. चित्र सांगतं ते शब्दांनी परत सांगायचं नाही. रिक्षाच्या मागे चित्राला जागा कमी पडली तर कुत्र्याचं नुसतं तोंड.

सिन्नरकर
उशिरा आलो. माझं स्वतःचं केनेल होतं, बंद केलं. दोन धोके सांगतो.

एक, आठ म्हणजे आठ. बारा कुत्री आणि चार मांजरं, प्रत्येकाचा व्हिडिओ काढून योग्य माणसाला पाठवायला दीड-दोन मिनिटं जातात. म्हणजे अर्धा तास. साडेसातला सुरू केलं तर आठला शेवटचा जातो. त्यात मखमलाबादच्या पुढे वळवाच्या पावसात लाईट गेली, टॉवर गेला, की सव्वाआठला फोन सुरू. वेळ बोर्डावर लिहिली नसती तर लोक नऊपर्यंत थांबले असते. लिहिली की पाच मिनिटंसुद्धा थांबत नाहीत. माझा अनुभव आहे, मी 'चोवीस तास फोन चालू' असं लिहिलं होतं. लोक रात्री दोनला विचारायचे, झोपला का?

दुसरं, ते व्हिडिओ स्टेटसला ठेवू नका. मी ठेवायचो, 'अमुक कुटुंब केरळला, टॉमी आमच्याकडे'. एका गिऱ्हाइकानं झापलं, की तुम्ही सगळ्या नाशिकला सांगताय माझं घर आठ दिवस बंद आहे. तिचं चुकलं नव्हतं. आता तर तुमची ओळच 'तुम्ही गावाला' आहे. घरून कुत्रा न्यायला गाडी पाठवत असाल तर त्या गाडीवर ही ओळ चिकटवू नका. ज्याच्या दारात उभी राहील त्याचं घर रिकामं, हे गल्लीभर कळेल.

द्वारकासर्कल
हे भारी आहे! चोरांसाठी फिरता सूचनाफलक.

मळेकर
सिन्नरकर, धन्यवाद. गाडीवर लावणारच होतो, स्टिकरची ऑर्डर थांबवली. स्टेटसही आता मालक परत आल्यावरच, आणि त्यांना विचारून.

पण स्वस्ताचं काय? ओळीत ते आलंच नाही. माझी बायको म्हणते ३५० मोठ्या अक्षरात टाका.

शब्दमजूर
आकडा ओळीत नको. पुढच्या वर्षी ३८० केलेत तर आख्खा बोर्ड नवा. ओळ पाच-सात वर्षं चालली पाहिजे, आकडा दर वर्षी बदलतो. खाली एक वेगळी पट्टी लावा, बदलता येईल अशी. तिच्यावर 'मेमध्येही तोच दर'. हा तुमचा खरा स्वस्तपणा आहे. मनातल्या मनात हिशोब करणाऱ्याला कळतं: दुसरीकडे साडेतीनशेचे पाचशे झाले तर आठ रात्रींत बाराशे जास्त. चौघांचं रेल्वेचं एका बाजूचं स्लीपर तिकीट निघतं जवळच्या गावाचं.

सिन्नरकर
मेमध्ये तोच दर परवडतो का पण? माझं तिथंच गणित चुकलं होतं.

मळेकर
मेमध्ये बारा कुत्री भरली की दिवसाचे ४२०० येतात. जास्तीचा एक माणूस ठेवतो, ६०० रोज. कूलर आणि पाण्याचं वेगळं. परवडतं, कारण जागा आमची आहे, भाडं नाही. भाड्याच्या जागेत परवडलं नसतं. दिवाळीत मात्र अवघड आहे. फटाक्यांमुळे रात्रभर दोघांना जागं बसावं लागतं, मागच्या वर्षी एका जर्मन शेफर्डनं घाबरून जाळी वाकवली. दिवाळीत दर वाढवावा की नाही यावर घरात भांडण चालू आहे.

शब्दमजूर
म्हणून पट्टीवर 'सुट्टीतही' नको, 'मेमध्येही'च. दिवाळीला ती पट्टी काढता येईल.

सिन्नरकर
काढली की लोक विचारणार, मेमध्ये होती ती कुठं गेली. तुम्ही करून बघा. मला नाही पटत.

शाळामास्तर
'खुशाली' म्हणजे फक्त चांगली बातमी ना? जेवला नाही, ही खुशाली कशी?

वैद्यबाई
मास्तर, पूर्वी पत्रात 'येथील खुशाली' लिहून खाली 'आईचे गुडघे दुखतात'ही लिहायचेच की. शब्द चालेल. फक्त मळेकरांनी मजकूर ठरवून ठेवावा: खाल्लं किती, पाणी, शी, आणि अंगात चैतन्य. 'मस्त आहे' एवढंच नको.

मळेकर
दहा दिवसांनी परत आलो. बोर्ड लागला. पेंटरकाकांनी सांगितलं तसं करून घेतलं, गंगापूर रोडला पलीकडच्या बाजूनं स्कूटरवरून वाचता येतंय. लावण्याआधी शब्दमजूरांनी फोनवर सांगितलेली परीक्षा घेतली: अकरा जुन्या गिऱ्हाइकांना ओळ एकदाच वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं काय आठवतंय. आठ जणांनी 'आठला खुशाली' सांगितलं, शब्द मागेपुढे करून. 'स्वस्त आणि मस्त' दुसऱ्या सहा जणांना वाचून दाखवली होती. लक्षात सगळ्यांच्या राहिली, पण कसली जाहिरात ते दोघांनाच सांगता आलं. एकजण म्हणाला मिसळ.

काल पहिला नवा फोन आला, सातपूरहून. बाईंनी दर विचारलाच नाही, पहिला प्रश्न: 'आठला म्हणजे नक्की ना? आमची मुलगी नऊला झोपते.'

बायकोनं साडेसातचा गजर लावलाय. दिवाळीचं भांडण चालूच आहे.

नाशिकरोडचा_बंड्या
अभिनंदन! पण 'चार पायांच्या पाहुण्यांसाठी राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' शेडच्या दारावर तरी लावा ना भाऊ.

मळेकर
बंड्याशेठ, ते पेंटरकाकांनी आपणहून फुकट रंगवून दिलंय. दारावरच आहे.